पिस्टन हलला, पण कायम काय राहिले?

कॅडेट मित्रांनो, आधी हा प्रश्न वाचा. एका सिलिंडरमध्ये १ मोल हवा आहे. तापमान ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश सेल्सियस. दाब २ वातावरण, आकारमान १२.३ लिटर. ही हवा प्रसरण पावून आकारमान दुप्पट, म्हणजे २४.६ लिटर झाले. तर हवेने किती कार्य केले?

अकरावीच्या वर्गात मी हा प्रश्न फळ्यावर लिहिला की बहुतेक हात सूत्राकडे धावतात. कोणी PΔV लिहितो, कोणी लॉगॅरिदम शोधतो. खरे तर या प्रश्नाला अजून उत्तरच नाही. हवा प्रसरण पावली एवढे सांगितले आहे, पण कशा परिस्थितीत पावली ते सांगितलेले नाही. सिलिंडरची भिंत कशाची आहे, पिस्टनवर काय ठेवले आहे, खाली बर्नर आहे की नाही, हे कळल्याशिवाय आकडा काढता येत नाही. आयसोथर्मल, ॲडियाबॅटिक आणि आयसोबॅरिक ही नावे म्हणजे या परिस्थितीचीच नावे आहेत. ती ओळखता आली की पुढचे गणित दोन ओळींचे असते. म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा ओळखण्यावर भर देतो. पालकांनाही वाचता यावे म्हणून शब्द शक्य तितके साधे ठेवले आहेत.

पहिला नियम म्हणजे जमाखर्च

उष्मागतिकीचा पहिला नियम हा ऊर्जेचा जमाखर्च आहे. वायूला बाहेरून जी उष्णता मिळते तिचे दोनच वाटे होतात. एक वाटा वायूच्या पोटात राहतो, त्याला अंतर्गत ऊर्जा म्हणतात. दुसरा वाटा पिस्टन ढकलण्यात खर्च होतो, ते कार्य. एनसीईआरटीच्या फिजिक्सच्या पुस्तकात हे असे लिहिले आहे:

ΔQ = ΔU + ΔW

येथे ΔW हे वायूने बाहेरच्या जगावर केलेले कार्य आहे. मात्र त्याच वर्षी तुम्ही जे एनसीईआरटीचे केमिस्ट्रीचे पुस्तक वाचता, त्यात हाच नियम असा दिसतो:

ΔU = q + w

येथे w हे वायूवर केलेले कार्य आहे. दोन्ही पुस्तके बरोबर आहेत, फक्त बघण्याची बाजू वेगळी आहे. क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमधून दहा ब्लँकेट निघाली तर स्टोअरच्या रजिस्टरमध्ये ती वजा होतात आणि कंपनीच्या रजिस्टरमध्ये जमा. ब्लँकेट दहाच. तसेच वायूने ५०० ज्यूल कार्य केले तर फिजिक्समध्ये ΔW = +500 आणि केमिस्ट्रीमध्ये w = −500. अर्धे सूत्र एका पुस्तकातले आणि चिन्ह दुसऱ्या पुस्तकातले घेतले की उत्तर चुकते. म्हणून उत्तराच्या पहिल्या ओळीत कोणते सूत्र वापरत आहोत ते लिहून टाका. या लेखात मी फिजिक्सचे सूत्र वापरतो.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून असते. दाब बदलो, आकारमान बदलो, तापमान तेच राहिले तर ΔU शून्य. तापमान बदलले तर ΔU = nCvΔT, मग प्रक्रिया कोणतीही असो. Cv म्हणजे आकारमान कायम ठेवले असता एक मोल वायूचे तापमान एक केल्विनने वाढवायला लागणारी उष्णता. हवा मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन या द्विअणू वायूंची बनलेली आहे, म्हणून तिच्यासाठी ही किंमत 5R/2 धरतात.

तापमान कायम म्हणजे उष्णता बंद नव्हे

सर्वात जास्त गोंधळ आयसोथर्मल आणि ॲडियाबॅटिक या दोघांत होतो. "तापमान बदलले नाही, म्हणजे उष्णता आली-गेली नाही" असे वाटते. रोजच्या बोलण्यात उष्णता आणि तापमान हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, त्याचा हा परिणाम. प्रत्यक्षात उलट आहे.

समजा तांब्याच्या सिलिंडरमध्ये वायू आहे आणि सिलिंडर बर्फ-पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवला आहे. पिस्टन अगदी हळूहळू दाबून आपण वायूवर ५०० ज्यूल कार्य केले. तांब्यातून उष्णता सहज जाते, त्यामुळे वायूचे तापमान शून्य अंशावरच राहते. तापमान तेच, म्हणून ΔU शून्य. मग आपले ५०० ज्यूल गेले कुठे? सिलिंडरच्या भिंतीतून बाहेर पडून ते बर्फात गेले. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ ज्यूल लागतात, म्हणजे भांड्यातला साधारण दीड ग्रॅम बर्फ वितळला. थर्मामीटर हलला नाही, पण उष्णता गेली आणि त्याची साक्ष बर्फाने दिली.

आयसोथर्मल प्रक्रियेत उष्णतेला वाट मोकळी असते, म्हणूनच तापमान टिकते. ॲडियाबॅटिक प्रक्रियेत ती वाट बंद असते, म्हणूनच तापमान टिकत नाही. हवा प्रसरण पावताना कार्य करते, बाहेरून काही मिळत नाही, मग ते कार्य ती स्वतःच्या पोटातल्या ऊर्जेतून करते आणि थंड होते. दाबली तर आपले कार्य तिच्या पोटात साठते आणि ती तापते. मैदानावर व्हॉलीबॉलमध्ये भरभर हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते. त्यात घर्षणाचा थोडा वाटा असतो, पण मुख्य कारण दाबली गेलेली हवा हेच आहे.

दाब कायम ठेवतो तो पिस्टनवरचा भार

आयसोबॅरिक प्रक्रिया ओळखायला सर्वात सोपी. उभा सिलिंडर, वर सहज सरकणारा पिस्टन, पिस्टनवर ठरावीक वजन. खालून उष्णता द्या. वायू पिस्टनला वर ढकलतो, पण वजन तेच आणि वरचा हवेचा दाब तोच, म्हणून आतला दाबही तोच राहतो. प्रश्नात "मुक्तपणे सरकणारा पिस्टन", "वातावरणाच्या दाबाखाली तापवला" असे शब्द दिसले की दाब कायम आहे असे समजा.

येथे Q, U आणि W यांपैकी काहीच शून्य नसते. दिलेल्या उष्णतेचा काही भाग तापमान वाढवतो, काही भाग पिस्टन उचलतो. द्विअणू वायूला ७०० ज्यूल उष्णता दिली तर ५०० ज्यूल अंतर्गत ऊर्जेत जातात आणि २०० ज्यूल कार्यात. हे प्रमाण Cv = 5R/2 आणि Cp = 7R/2 यांवरून येते. पेपरमध्ये हमखास दिसणारी चूक अशी की दाब कायम आहे म्हणून ΔU काढतानाही Cp वापरतात. Cp वापरून मिळते ती पूर्ण उष्णता. पोटातला वाटा काढायला दाब कायम असला तरी Cv च लागतो.

आता तोच प्रश्न तीनदा सोडवू

सुरुवातीच्या सिलिंडरकडे परत येऊ. १ मोल हवा, ३०० केल्विन, २ वातावरण, १२.३ लिटर. आकारमान दुप्पट करायचे आहे. या स्थितीत nRT ची किंमत सुमारे २४९३ ज्यूल येते, ती पुढे उपयोगी पडेल.

पहिली परिस्थिती. सिलिंडर तांब्याचा, ३०० केल्विनच्या मोठ्या पाण्याच्या टाकीत बुडवलेला, आणि पिस्टनवरचा भार थोडा थोडा कमी करत नेला. तापमान कायम, म्हणून ΔU = 0. कार्य nRT ln 2, म्हणजे २४९३ गुणिले ०.६९३, सुमारे १७२८ ज्यूल. टाकीतून तेवढीच १७२८ ज्यूल उष्णता आत आली. शेवटचा दाब १ वातावरण.

दुसरी परिस्थिती. सिलिंडरभोवती उष्णता अडवणारे जाड आवरण, आणि भार तसाच थोडा थोडा कमी केला. आता उष्णता शून्य. हवेसाठी γ, म्हणजे Cp भागिले Cv, १.४ असते. TV^(γ−1) कायम राहते, म्हणून शेवटचे तापमान ३०० भागिले २ चा ०.४ वा घात, सुमारे २२७ केल्विन. म्हणजे उणे ४६ अंश सेल्सियस! तापमान ७२.६ केल्विनने उतरले, त्यामुळे अंतर्गत ऊर्जा सुमारे १५०८ ज्यूलने घटली आणि तेवढेच कार्य झाले. शेवटचा दाब सुमारे ०.७६ वातावरण.

तिसरी परिस्थिती. पिस्टनवरचा भार तसाच ठेवला आणि खालून तापवत नेले. दाब २ वातावरण कायम, आकारमान दुप्पट, म्हणून तापमानही दुप्पट, ६०० केल्विन. कार्य PΔV, म्हणजे २४९३ ज्यूल. अंतर्गत ऊर्जा ६२३२ ज्यूलने वाढली. एकूण उष्णता लागली ८७२५ ज्यूल.

सुरुवात एक, शेवटचे आकारमान एक, पण कार्य तीन वेगवेगळी: २४९३, १७२८ आणि १५०८ ज्यूल. हा क्रम पाठ करण्याची गरज नाही, तो समजून घेता येतो. पिस्टनला मागून रेटणारा दाब जितका टिकून राहतो तितके कार्य जास्त. आयसोबॅरिकमध्ये दाब पूर्ण टिकतो. आयसोथर्मलमध्ये जागा वाढली एवढ्या एकाच कारणाने दाब उतरतो. ॲडियाबॅटिकमध्ये जागा वाढते आणि हवा थंडही होते, अशा दोन कारणांनी दाब उतरतो. म्हणूनच दाब-आकारमानाच्या आलेखात एकाच बिंदूतून निघालेल्या रेषांपैकी आयसोबॅरिक आडवी असते, आयसोथर्मल उतरती वक्र आणि ॲडियाबॅटिक तिच्याहून जास्त तीव्र उताराची. आलेखावरून नाव ओळखायचे असेल तर दोन बिंदूंवर P आणि V यांचा गुणाकार करून पाहा. प्रसरणात गुणाकार तोच आला तर तापमान तेच आहे, कमी झाला तर वायू थंड झाला आहे.

"हळू" आणि "झटकन" या शब्दांवर किती विश्वास ठेवायचा?

गाइडमध्ये एक सोपा नियम छापलेला असतो: हळू केले तर आयसोथर्मल, झटकन केले तर ॲडियाबॅटिक. साध्या धातूच्या सिलिंडरसाठी तो बहुतेक वेळा चालतो, कारण हळू केल्यावर उष्णतेला ये-जा करायला वेळ मिळतो आणि झटकन केल्यावर मिळत नाही. पण नियमाचा गाभा वेग नाही, उष्णतेची वाट आहे. जाड आवरणाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन कितीही हळू ओढला तरी ती ॲडियाबॅटिकच. वर दुसऱ्या परिस्थितीत आपण भार हळूहळूच कमी केला होता.

याचे मोठे उदाहरण आपल्या दिल्लीच्या आकाशात हिवाळ्यात दिसते. हवेचा एक मोठा गोळा जमिनीवरून वर चढू लागला अशी कल्पना करा. वर दाब कमी असतो, म्हणून गोळा फुगतो. फुगताना तो भोवतालच्या हवेला बाजूला सारतो, म्हणजे कार्य करतो. येथे पिस्टन नाही, आवरणही नाही आणि चढायला पुष्कळ वेळ लागतो. तरीही ही प्रक्रिया जवळजवळ ॲडियाबॅटिक मानतात, कारण हवा उष्णतेची मंद वाहक आहे आणि एवढ्या मोठ्या गोळ्याच्या आतपर्यंत बाहेरची उष्णता पोहोचत नाही. पहिल्या नियमावरून हिशेब केला तर कोरडी हवा दर १०० मीटर चढाईला सुमारे १ अंशाने थंड होते.

आता जानेवारीतली निरभ्र, वारा नसलेली पहाट घ्या. रात्रभर जमिनीने उष्णता आकाशात टाकलेली असते, त्यामुळे जमिनीलगतची हवा सर्वात थंड आणि तिच्यावरची हवा तिच्याहून गरम, असा उलटा थर तयार होतो. समजा खाली ८ अंश आहेत आणि २०० मीटरवर ११ अंश. खालचा गोळा वर ढकलला तर २०० मीटरवर पोहोचेपर्यंत तो ६ अंशांवर येतो. भोवती मात्र ११ अंशांची हवा आहे. थंड म्हणजे जड, म्हणून गोळा परत खाली बसतो, आणि त्याच्यासोबत धूर व धूळही. सकाळच्या पी.टी.ला जे धुरकट आवरण दिसते ते लवकर का विरत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे. ऊन चढून जमीन तापली की हा थर मोडतो आणि हवा वर जाऊ लागते. हवेतल्या बाष्पाचे ढग बनू लागले तर मात्र आतच उष्णता सुटते आणि दर १०० मीटरला १ अंश हा आकडा लागू पडत नाही. तो कोरड्या हवेचा आहे.

एक फसवा प्रश्न

शेवटी अशी एक प्रक्रिया सांगतो जिच्यात हुशार कॅडेटही अडखळतात. जाड आवरणाच्या पेटीचे मधल्या पडद्याने दोन सारखे भाग केले आहेत. एका भागात आपली तीच १ मोल हवा, दुसऱ्यात निर्वात पोकळी. पडदा एकदम काढला. हवा पूर्ण पेटीत पसरली, आकारमान दुप्पट झाले. तापमान किती?

आवरण आहे, म्हणून Q शून्य. प्रक्रिया ॲडियाबॅटिक आहे हे खरे. पण म्हणून २२७ केल्विन लिहू नका. समोर पोकळी होती, ढकलायला कोणी नव्हते, म्हणून कार्यही शून्य. मग ΔU शून्य आणि तापमान ३०० केल्विनच. पहिला नियम येथेही तंतोतंत लागू आहे. लागू नाही ते TV^(γ−1) चे सूत्र, कारण ते दाब पायरीपायरीने उतरवत नेलेल्या प्रक्रियेसाठी आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा PV गुणाकार सारखा येतो, तरी ही आयसोथर्मल प्रसरणाची रेषाही नव्हे. मधल्या क्षणांत पूर्ण वायूचा एकच दाब किंवा एकच तापमान नसतेच. दोन टोकांवरून वाट कळत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

म्हणून प्रश्न हातात आला की तीन गोष्टी याच क्रमाने विचारा. उष्णतेला आत-बाहेर जायला वाट आहे का? पिस्टनवरचा भार कायम आहे की बदलतो आहे? वायू कोणाला तरी ढकलतो आहे का? उत्तरे मिळाल्यावर Q, ΔU आणि W यांपैकी जे शून्य असेल ते आधी लिहा, मग सूत्र उचला.

सरावासाठी

१. उष्णता अडवणाऱ्या सिलिंडरमधला पिस्टन दहा मिनिटे घेऊन सावकाश बाहेर ओढला. वायूचे तापमान वाढेल, कमी होईल की तेच राहील?

२. मुक्त पिस्टनखालच्या द्विअणू वायूने तापताना ३०० ज्यूल कार्य केले. त्याला किती उष्णता दिली?

३. बर्फ-पाण्यात ठेवलेल्या धातूच्या सिलिंडरमधला वायू हळूहळू प्रसरण पावला आणि त्याने ३३४ ज्यूल कार्य केले. भांड्यातला बर्फ वाढेल की घटेल, आणि किती?

उत्तरे: १. कमी होईल. वेळ कितीही लागला तरी उष्णतेची वाट बंद आहे. २. १०५० ज्यूल, कारण येथे कार्य हे उष्णतेच्या दोन-सप्तमांश असते. ३. सुमारे १ ग्रॅमने वाढेल. वायूने ३३४ ज्यूल उष्णता पाण्यातून घेतली, आणि तेवढे पाणी गोठले.